मास्तरांचं वर्तुळ

मंडळी, आज मी तुम्हाला एका शिंप्याची गोष्ट सांगणार आहे. साताऱ्यात बसून छोट्या दुकानदारांची जाहिरातीची कामं मी करतो, आणि या धंद्यात तीन-चार टेलर माझे गिऱ्हाईक झाले. त्या सगळ्यांचं थोडं थोडं कापड घेऊन मी हा एक माणूस शिवलाय. त्यामुळे तो अमक्या गल्लीतला का, असं नंतर विचारू नका. आपण त्याला मास्तरच म्हणू, कारण गावही त्याला तेच म्हणतं. गाव मात्र खरं घेतो, वाई. का घेतो, ते पुढं कळेल. नकाशाशिवाय ही गोष्ट उमगत नाही.

मास्तर लेडीज टेलर. कटोरी ब्लाऊजसाठी हात नावाजलेला. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, दोन शिलाई मशिनं, एक पिको-फॉलचं मशीन, मास्तर स्वतः, त्यांची बायको आणि एक कारागीर. अस्तरासकट ब्लाऊजची शिलाई चारशे रुपये. त्यातून अस्तर, दोरा, हूक आणि कारागिराची मजुरी वजा केली की हातात एकशे ऐंशी राहतात. हा एकशे ऐंशीचा आकडा तेवढा डोक्यात ठेवा, बाकीचे विसरलात तरी चालेल.

२०२४ चा आषाढ. लग्नसराई संपलेली, दुकानात माश्या मारायची वेळ. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, मामा, फेसबुकवर टाकू की. मास्तरांच्या दुकानाचं पान होतंच. त्यावर सात वेगवेगळ्या गळ्यांच्या ब्लाऊजांचा एक फोटो होता आणि खाली लिहिलेलं, ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको करून मिळेल.’ फोटोखाली निळं बटण होतं, Boost post. भाच्यानं ते दाबलं, पाच दिवस आणि रोजचे चारशे रुपये टाकले. ठिकाण विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, महाराष्ट्र टाक, जास्तीत जास्त लोकांना दिसू दे. हेतू विचारला तेव्हा भाच्यानं लाईक-कमेंट वाढवायचा पर्याय निवडला.

पाच दिवसांत एकसष्ट हजार माणसांनी फोटो पाहिला आणि अकराशे चाळीस लाईक आले. मास्तरांनी मोबाईल शेजारच्या किराणावाल्याला दाखवला, सासुरवाडीला दाखवला. सहाव्या दिवशी मला फोन आला. “साहेब, अकराशे लाईक आलेत. गिऱ्हाईक कधी येतं?”

मी वाईला गेलो. लाईक करणाऱ्यांची नावं वर सरकवत आम्ही दोघं बसलो. नांदेड, अकोला, चंद्रपूर, मालेगाव. चंद्रपूरहून वाईला ब्लाऊज शिवायला कोण येणार? मास्तर म्हणाले, “म्हणजे फसवलं का हो यांनी?”

अजिबात नाही. तिथूनच माझं काम सुरू होतं. जाहिरातीचं यंत्र म्हणजे आज्ञाधारक कारागीर. “बाही दहा” एवढंच सांगितलंत तर तो दहाच कापतो. गिऱ्हाईकाला कोपरापर्यंत हवी होती का, हे तो विचारत बसत नाही. तुम्ही लाईक मागितलेत, तेही महाराष्ट्रभरातून. एवढ्या मोठ्या गर्दीत कुणाला दिसेल त्याला अंगठा द्यायची सवय आहे, हे यंत्राला ठाऊक असतं. जिथं लाईक स्वस्तात पडतात तिथं ते जातं. दोन हजारांत अकराशे लाईक, म्हणजे त्यानं सांगितलेलं काम चोख केलं. शिवाय बिलावर अठरा टक्के जीएसटी वेगळा, तेव्हा गेले तेवीसशे साठ.

आता इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी हेच केलेलं असणार. हसू नका, मीही केलंय, स्वतःच्या पैशानं.

दुसरी जाहिरात मास्तरांनी स्वतः लावली. मी काय बोललो ते त्यांनी नीट ऐकलं होतं, निदान अर्धं तरी. या वेळी हेतू बदलला, व्हॉट्सॲपवर मेसेज मिळवायचा घेतला. ठिकाणाच्या जागी वाई लिहिलं. शहराचं नाव टाकलं की त्याभोवती एक वर्तुळ येतं आणि ते एका मर्यादेपलीकडं लहान करता येत नाही. मास्तरांचं सतरा किलोमीटरवर अडलं. त्यांना वाटलं, सतरा म्हणजे पंचक्रोशीच की.

आता वाईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला पसरणी घाट चढून गेलं की पाचगणी. पक्षी उडाला तर जेमतेम दहा किलोमीटर. पूर्वेला सुरूर आणि भुईंज, म्हणजे पुणे-सातारा हमरस्ता. सतराच्या वर्तुळात हे सगळं आलं. आणि या वर्तुळाची एक गोम आहे. ‘इथं राहणारे’ आणि ‘नुकतेच इथं येऊन गेलेले’ यांना ते वेगळं करत नाही. पूर्वी तसं निवडता यायचं, आता दोन्ही एकत्रच येतात. म्हणजे पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसलेली मुंबईची बाई आणि कोल्हापूरच्या एसटीत खिडकीशी बसून मोबाईल बघणारी मुलगी, दोघी मास्तरांच्या हद्दीत. पावसाळ्यात पाचगणीला गर्दी किती असते ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरी चूक याहून गमतीची. आवडीनिवडी विचारल्या जातात तिथं मास्तरांनी ‘शिवणकाम’ निवडलं. वाटतं की नाही बरोबर? टेलरची जाहिरात, मग शिवणकामाची आवड असलेल्यांनाच दाखवावी. पण शिवणकामाची आवड कुणाला असते? जी स्वतः शिवते तिला. शिवणक्लास लावलेल्या मुली, घरी मशीन घेतलेल्या बायका, दुसरे टेलर. मास्तरांनी हिशेबानं बाकीच्या गावाला बाजूला सारून आपल्याच जातभाईंना आवतण दिलं होतं. एकीनं विचारलं, क्लास घेता का. एकीनं विचारलं, जुनं मशीन विकायचंय का. भुईंजच्या एका टेलरनं लिहिलं, “दादा, अस्तर कुठून आणता?” ज्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, ती खरं गिऱ्हाईक. आणि तिला शिवणकामात कसली आवड असणार? तिला आवड लग्नाला जायची.

मेसेज मात्र येत होते. पहिल्या रात्री चार. मास्तर बायकोला म्हणाले, “अगं, सगळ्या इंग्रजीत लिहितायत.” वहिनींनी मोबाईल हातात घेतला. चौघींचं वाक्य अक्षरशः एकच होतं, “Hello! Can I get more info on this?” पाचवीचंही तेच. मास्तरांना वाटलं, शिकलेल्या बायकांची एखादी मंडळी असावी, ठरवून लिहितायत. ते वाक्य यंत्रानंच आधी लिहून ठेवलेलं असतं. बाईनं बटण दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं, वाक्य तयार असतं, तिनं फक्त बाण दाबायचा. कितीजणी तो बाण चुकून दाबतात याला गणती नाही. तरी खात्यात तो ‘संभाषण सुरू झालं’ असाच मोजला जातो.

एक ऑर्डर झाली, ती सांगितलीच पाहिजे. पाचगणीला आलेली एक मुंबईची बाई, ड्रेसची चेन तुटलेली. घाट उतरून आली, चेन बसवली, ऐंशी रुपये दिले आणि जाताना गणपतीचं दर्शन घेऊन गेली.

याच सहा दिवसांत मास्तरांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आजच्या बोलण्यातला कळीचा भाग तोच. रोज रात्री दुकान बंद केलं की ते जाहिरात उघडायचे. मेसेज कमी दिसले की काहीतरी बदलायचे. सोमवारी वय बदललं, मंगळवारी फोटो बदलला, बुधवारी पैसे वाढवून दुपटीवर नेले, गुरुवारी घाबरून परत खाली आणले.

नवी जाहिरात लागली की यंत्र आधी चाचपडतं. याला दाखवून बघ, त्याला दाखवून बघ, कोण मेसेज करतंय ते बघ. पडद्यावर त्या काळात Learning असं लिहिलेलं असतं. आठवड्याला साधारण पन्नास मेसेज मिळाले तर त्याचा अंदाज पक्का होतो, असं ही कंपनी स्वतःच सांगते. आणि या काळात तुम्ही माणसं बदललीत, फोटो बदललात, पैशात मोठा फरक केलात, की पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. मास्तर रोज रात्री पाटी पुसत होते.

हे मी त्यांना तासभर समजावलं, पण गाडी पुढं सरकेना. ते म्हणत, “बसून काय राहायचं? पैसे जातायत.” शेवटी मी दुकानात नजर फिरवली. मागच्या दोरीवर अस्तराचं सुती कापड वाळत होतं. तुम्हाला माहीत असेल, चांगला टेलर ब्लाऊजचं अस्तर कापण्याआधी भिजवून वाळवतो. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आक्रसतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाऊजला चुण्या पडतात. मी म्हटलं, “मास्तर, ते अस्तर आत्ता कापता का?” म्हणाले, “ओलं कसं कापू? माप खोटं येईल.” मी काहीच बोललो नाही. चहा आला, तो प्यायलो. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “किती दिवस वाळू द्यायचं?”

मी म्हटलं, महिनाभर. पण आधी माप घेऊ.

नऊशे रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे एक हजार बासष्ट. दुसरी जाहिरात आम्ही बंद केली आणि बुडीत खात्यात टाकली.

माप कुठून घ्यायचं? माझ्या धंद्यातले लोक इथं संगणक उघडतात. मी मास्तरांना म्हटलं, मापवही काढा. मागच्या वर्षीची, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर नाव, गाव, उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा, आणि कोपऱ्यात अस्तराच्या कापडाचा एक तुकडा टाचणीनं टोचलेला. आम्ही तिघं एका दुपारी बसलो. वहिनी गाव वाचायच्या, मी रेघा ओढायचो. वाई, पसरणी, बावधन, मेणवली, ओझर्डे, भुईंज. पाचापैकी चार पानं एवढ्याच गावांची. पाचगणीची पानं दोन. मग मी विचारलं, या बायका साधारण किती वर्षांच्या? वहिनींना प्रत्येक पानामागचा चेहरा आठवत होता. पंचविशीच्या आतल्या अगदी थोड्या. त्या वयाला रेडिमेड ब्लाऊज बसतो, नाहीतर आई घेऊन येते. साठीच्या पुढच्या नेहमीच्या, त्यांना जाहिरात कशाला?

मग मी विचारलं, रेडिमेड मिळत असताना या बायका तुमच्याकडं का येतात? मास्तर म्हणाले, “फिटिंग.” वहिनी म्हणाल्या, “फिटिंग काय, सगळेच सांगतात. माया ठेवतो म्हणून येतात.”

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. काटकसर करणारा टेलर अर्धा इंच ठेवतो, मास्तर दोन्ही बाजूंना इंच-इंच ठेवतात. बाळंतपण झालं, अंग भरलं, की तोच ब्लाऊज उसवून सैल करून मिळतो. पैठणीवरचा ब्लाऊज असेल तर या एका इंचाची किंमत किती, ते बायकांना विचारा.

तिसरी जाहिरात अशी झाली. शहराचं नाव न टाकता नकाशावर दुकानावरच पिन टोचली. पिनेचं वर्तुळ लहान करता येतं, ते आठ किलोमीटर केलं. पाचगणी बाहेर राहिली. भुईंज आठच्या पलीकडं, म्हणून तिथं दुसरी पिन, चार किलोमीटरची. बायका, वय पंचवीस ते पंचावन्न. आवडीनिवडी कोऱ्या सोडल्या. मास्तर म्हणाले, काहीच नाही टाकायचं? म्हटलं, काही नको. २०११ च्या जनगणनेत वाई शहरच सारं छत्तीस हजारांच्या आसपास. त्यातल्या बायका, त्यातलं हे वय, त्यातल्या मोबाईलवर असणाऱ्या. आणखी चाळण लावली तर खाली उरणार काय? मोठ्या शहरात चाळण लागते, इथं गावच मुळी चाळून आलंय.

उरलेली निवड जाहिरातीनं स्वतः करायची. सात गळ्यांचा फोटो काढून टाकला आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. त्यात मास्तरांचा चेहरा नाही, फक्त हात. एक जुना हिरवा ब्लाऊज उलटा करतात, शिवण दाखवतात, आतली इंचभर माया बोटानं उघडतात, पट्टी लावून मोजतात, शिवण उसवतात आणि बाहेर घेऊन पुन्हा मारतात. शेवटी तोच ब्लाऊज दोन इंचांनी सैल. वहिनींचा आवाज, “लग्नातला ब्लाऊज आता होत नाही? आतून माया असेल तर होईल. घेऊन या, बघते.” आता हा व्हिडिओ कोण शेवटपर्यंत बघेल? जिच्या कपाटात असा एखादा ब्लाऊज पडून आहे ती. जिला रस नाही ती तीन सेकंदांत वर सरकवेल. कोण थांबतं आणि कोण सरकवतं, कोण मेसेज करतं, हे यंत्र बघत राहतं आणि त्यावरून पुढच्या बायका शोधतं. आवडीनिवडींच्या रकान्यापेक्षा हे माप जास्त खरं.

तयार इंग्रजी वाक्यही बदललं. तिथं मराठीत टाकलं, “ब्लाऊजचं काम आहे. दुकानात कधी येऊ?” आणि उत्तरं द्यायचं काम वहिनींकडं दिलं. रात्री साडेनऊला एखाद्या बाईनं ब्लाऊजबद्दल अनोळखी पुरुषाशी बोलत बसावं, ही अपेक्षाच चूक होती. वहिनी लिहीत बसत नसत, आवाजाचा मेसेज पाठवायच्या. “हो, या ना, बाजाराच्या दिवशी आलात तरी चालेल, जुना ब्लाऊज मापाला आणा.”

२६ ऑगस्टला सुरू केली. रोज दीडशे रुपये, तीस दिवस. अट एकच होती. हात लावायचा नाही. मास्तरांनी पासवर्ड वहिनींकडं दिला आणि वहिनींनी तो मसाल्याच्या डब्यात ठेवला, असं त्या सांगतात. मला खरं वाटतं.

चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन. फक्त पाच मेसेज. मी म्हटलं, अस्तर. आठव्या दिवशी फोन, पडद्यावर ‘Learning limited’ लिहून आलंय, काही बिघडलंय का? हे मात्र समजून घ्या, कारण छोट्या दुकानदाराला ते जवळजवळ हमखास दिसतं. मास्तरांना एक मेसेज साठेक रुपयांना पडत होता. दीडशे रुपये रोज म्हणजे आठवड्याला हजार-पन्नास, त्यात सतरा-अठरा मेसेज. पन्नास कुठून होणार? यंत्र एवढंच सांगतंय की माझा अंदाज पुरता पक्का झालेला नाही. पन्नास गाठायला आठवड्याला तीन हजार ओतावे लागले असते, आणि तेवढ्या बायका आल्या तरी शिवणार कोण? तीन माणसं मिळून दिवसाला सहा-सात ब्लाऊज होतात. म्हणून ती पाटी वाचायची आणि सोडून द्यायची. बिघाड ओळखायची खूण वेगळी आहे. तीच जाहिरात एकेका बाईला सरासरी किती वेळा दिसली, याचा आकडा तिथं असतो. तो चढत जाऊन मेसेज आटायला लागले, तर समजायचं, गाव पाहून संपलं, आता व्हिडिओ बदला. मास्तरांचा आकडा शेवटच्या आठवड्यात चारापर्यंत गेला होता. आणखी पंधरा दिवस तोच व्हिडिओ चालवला असता तर बायकांनी तोंड फिरवलं असतं.

महिन्याचा हिशेब ऐका. चौऱ्याहत्तर जणींचे मेसेज. त्यातल्या एकतीस पहिल्या वाक्यापुढं बोलल्या. बारा दुकानात आल्या, नऊ जणींनी कापड टाकलं. अठरा ब्लाऊज. अठरा गुणिले एकशे ऐंशी, तीन हजार दोनशे चाळीस. जाहिरातीला साडेचार हजार आणि जीएसटी आठशे दहा, मिळून पाच हजार तीनशे दहा. दोन हजार सत्तर रुपयांचं नुकसान.

मास्तर गप्प बसले. मीही बसलो, कारण वरकरणी बोलण्यासारखं काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, मापवहीत एक रकाना वाढवा. नव्या गिऱ्हाईकाचा मोबाईल नंबर. आणि तो नंबर लिहून झाला की लगेच दुकानाच्या व्हॉट्सॲपवर शोधून बघा. विचारलं तर बायका सांगत नाहीत. “असंच कळलं” म्हणतात, “जाऊबाई म्हणाल्या” म्हणतात, आणि त्या जाऊबाईंनी कुठं पाहिलं, ते कोण सांगणार? पण जुना मेसेज असला तर तो लपत नाही.

नवरात्राआधी जाहिरात संपली ती आम्ही मुद्दाम पुन्हा लावली नाही. काम पंधरा दिवसांच्या वायद्यावर गेलं होतं. टेलरनं वायदा चुकवला की बाई बोलते, आणि ती जे बोलते ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा लांब जातं.

डिसेंबरच्या शेवटी वहिनींनी वही पुढं ओढली. त्या नऊ जणींपैकी सहा दिवाळीला आणि तुळशीच्या लग्नानंतर परत आल्या होत्या, एकोणतीस ब्लाऊज घेऊन. आणि पाच जणी अशा, ज्यांनी भाद्रपदात मेसेज करून शिलाई विचारली आणि मग गप्प झाल्या होत्या. त्या आल्या चोवीस ब्लाऊज घेऊन. एकूण एकाहत्तर. मास्तरांनी लगेच गुणाकार केला, बारा हजार सातशे ऐंशी, वजा पाच हजार तीनशे दहा. चेहरा खुलला. वहिनी म्हणाल्या, “आणि आधीचे दोन वेळचे कुणी भरायचे?” मग आधीचे तेवीसशे साठ आणि एक हजार बासष्टही वजा झाले. हातात राहिले चार हजार अठ्ठेचाळीस, तेही पाच महिन्यांनी. मला हा हिशेब आवडतो. जाहिरात शिकवणारे लोक पहिल्या दोन वेळचे पैसे कधी धरत नाहीत.

यात एक पळवाट आहे, ती मीच दाखवतो. या पाच जणींतली एखादी जाहिरातीशिवायही आली असती का? आली असती कदाचित. व्हॉट्सॲपमधला जुना मेसेज एवढंच दाखवतो की तिनं पाहिलं होतं. पाहिलं म्हणूनच आली, हे त्यातून सिद्ध होत नाही. मी मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, माझ्या पाटीकडं बघून किती जण येतात, हे तरी मला कुठं माहीत आहे?”

आता शेवटची बाई. जानेवारीत मी सहज दुकानात टेकलो होतो. एक बाई आल्या, पन्नाशीच्या, हातात पिशवी, पिशवीत पाच ब्लाऊजपीस आणि एक नवी पैठणी. मुलीचं लग्न माघात. मास्तरांनी माप घेतलं, वहिनींनी नंबर लिहिला आणि सवयीनं मोबाईलवर शोधला. मग मोबाईल माझ्यापुढं धरला.

१४ ऑगस्ट, रात्री आठ वाजून पन्नास मिनिटं. “Hello! Can I get more info on this?” खाली मास्तरांनी पाठवलेली शिलाईची रक्कम, दोन निळ्या रेघा. पुढं काही नाही. ती आमची दुसरी जाहिरात होती, बुडीत खात्यातली.

वहिनींनी विचारलं, “तेव्हा काही बोलला नाहीत?” बाई म्हणाल्या, “तेव्हा नुसतं पोहे खाऊन गेले होते हो. मुलाकडून होकार यायचा होता.”

मास्तरांनी गाव विचारलं. बाई म्हणाल्या, “पाचगणी. शाळेत आहे मी, तिथंच राहतो आम्ही.” मास्तरांनी गावाच्या रकान्यात लिहिलं, टेप गळ्यात अडकवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “पाचगणीला पिन किती किलोमीटरची टोचायची?”

मी म्हटलं, पर्यटक कमी झाले की सांगतो. त्यांनी खडू उचलला आणि पैठणीतल्या ब्लाऊजपीसवर कात्री कुठून चालवायची, ते बाईंना दाखवू लागले.